मामाचा वॉकी-टॉकी: कमजोर सेल बोलताना दगा देतो, ढिली अँटेना लांब गेल्यावर

प्रश्न: मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी एक छोटी गोष्ट लिहितोय. ट्रेकच्या आदल्या दिवशी एक मुलगी मामाचा बंद पडलेला वॉकी-टॉकी दुरुस्त करते. सेल कमजोर झालेत आणि अँटेना ढिली आहे, हे तिला सापडतं. मला इलेक्ट्रॉनिक्समधलं फारसं कळत नाही. ती हे नेमकं कसं शोधेल? जाणकाराने वाचलं तर खोटं वाटू नये.

उत्तर:

मी वॉकी-टॉकी दुरुस्त करते, तेव्हा दुरुस्ती तुमच्या गोष्टीपासूनच सुरू करते. सेट ‘बंद पडलेला’ ठेवू नका. पूर्ण बंद सेटमध्ये मुलीला शोधण्यासारखं काही उरत नाही. सेल बदलले, दिवा लागला, गोष्ट संपली. शिवाय अँटेना ढिली झाल्यामुळे सेट कधीच बंद पडत नाही. तुम्ही निवडलेले दोन्ही दोष असे आहेत की सेट चालू होतो, दिवा लागतो, समोरच्याचा आवाजही येतो, आणि म्हणूनच मामाला वाटतं की सगळं ठीक आहे. मामा म्हणणार, “अगं, चांगला चालतोय की!” आणि भाचीला मात्र काहीतरी खटकतंय. गोष्ट तिथून सुरू होऊ द्या.

दोन्ही दोष एकाच वेळी उघडे पडत नाहीत, याचा तुम्हाला फायदाच आहे. सेल कमजोर असेल तर सेट ऐकताना नीट वागतो आणि बोलताना दगा देतो. अँटेना ढिली असेल तर जवळ नीट चालतो आणि लांब गेल्यावर दगा देतो. लांबवर दोन्ही एकदम आले की ते एकमेकांच्या आड लपतात. एक काढला की मुलीला वाटतं झालं, आणि मग दुसरा पुढे येतो.

आधी मामाकडे कोणता सेट आहे ते ठरवा, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. हल्लीच्या बऱ्याच सेट्समध्ये लिथियमची सीलबंद बॅटरी असते. तिथे एकेक सेल काढून तपासता येत नाही. दुसरीकडे, परवान्याशिवाय वापरायचे जे छोटे सेट मिळतात त्यांत बऱ्याचदा सुटे सेल असतात, पण अँटेना फिरवून काढता येत नाही. युरोपातल्या ४४६ मेगाहर्ट्झच्या आणि अमेरिकेतल्या एफआरएस सेट्सना तर अँटेना पक्कीच हवी असा नियम आहे. अशा सेटची अँटेना ढिली होते म्हणजे आतला टाका सुटतो, आणि ते काम सोल्डरिंगचं. तुमच्या गोष्टीला सोयीचा सेट म्हणजे मामाचा जुना, फिरवून बसवायच्या अँटेनाचा आणि पाठीमागे चार पेन्सिल सेलचा डबा लागणारा. असे सेट होते आणि अजूनही लोकांकडे आहेत. ते वापरायला बहुतेक देशांत परवाना लागतो. तो मामाकडे आहे असं एका वाक्यात सांगून टाका, आणि चाचणी मामाच्या देखरेखीखाली होऊ द्या.

आणखी एक गोष्ट लागेल, ती म्हणजे दुसरा सेट. एकटा वॉकी-टॉकी तपासता येत नाही. मामाकडे जोडी आहे आणि दुसरा सेट ठणठणीत आहे असं धरा. हा चांगला जोडीदार मुलीचं सगळ्यात मोठं हत्यार ठरणार आहे.

आता सेलकडे येऊ. ऐकताना असा सेट फार थोडा करंट घेतो. नुसता वाट पाहत असेल तर शंभर मिलिअँपिअरहून बराच कमी, स्पीकरमधून आवाज येत असेल तर शंभरच्या आगेमागे. बोलायचं बटण दाबलं की हाच आकडा अर्ध्या अँपिअरच्या घरात जातो. थकलेल्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो. तो थोडा करंट सुखाने देतो, पण जास्त मागितला की त्याचा व्होल्टेज कोसळतो. म्हणून मल्टिमीटर नुसता सेलच्या दोन टोकांना लावून ‘१.३ व्होल्ट, चालेल’ म्हणणं फसवं आहे. गोष्टी लिहिणारे इथेच घसरतात. मुलगी मीटर लावते, आकडा कमी दिसतो, सेल खराब ठरतो. खरा कमजोर सेल मोकळा मोजला तर बऱ्यापैकी आकडा दाखवतो. त्याला काम लावूनच मोजावं लागतं.

काम लावायला जुन्या टॉर्चचा तारेचा बल्ब उत्तम. एलईडी नको, ती एका सेलवर पेटणारच नाही. अडीच व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब एका सेलला जोडला तर तो पूर्ण तेजाने नाही, पण स्पष्ट पिवळसर-नारिंगी पेटतो. कमजोर सेलवर तोच बल्ब आधी नारिंगी दिसतो आणि काही सेकंदांत लालसर होत विझू लागतो. मुलीकडे मीटर नसला तरी डोळ्यांना फरक कळतो. मीटर असेल तर बल्ब पेटलेला असतानाच आकडा बघायचा.

आकड्यांसकट एक उदाहरण घ्या, हवं तर तसंच वापरा. चारपैकी तीन सेल मोकळे मोजले तर १.५४ व्होल्टच्या आसपास, चौथा १.३४. बेरीज ५.९६, म्हणजे जवळपास पूर्ण सहा. मामा खूश. बल्ब जोडल्यावर पहिले तिघं १.४६ वर टिकतात, चौथा ०.९ वर येतो आणि खालीच जात राहतो. आता बोलताना सेट अर्धा अँपिअर मागतो, म्हणजे बल्बाच्या दुपटीहून जास्त. तेव्हा चांगले सेल १.३६ च्या आसपास राहतील आणि चौथा जवळजवळ शून्यावर बसेल. एकूण व्होल्टेज साधारण ४.१. सहा व्होल्टवर चालायला बनवलेला सेट तिथे तग धरेलच असं नाही. बटण दाबताच दिवा मंदावतो, वाक्य अर्ध्यात तुटतं, कधी सेट पुन्हा चालू झाल्यासारखा ‘टूं’ करतो. बटण सोडलं की सगळं ठीक.

चौथा सेल असा का, याला गोष्टीत कारण हवं. माझ्या टेबलावर येणाऱ्या सेट्समध्ये नेहमी दिसणारं कारण म्हणजे सरमिसळ. तीन नवे मिळाले, चौथा घरातून काढला. मामाने तो भिंतीवरच्या घड्याळातून काढला असं करा. घड्याळाला इतका कमी करंट लागतो की मरायला टेकलेला सेलही ते महिनोन्महिने चालवतो. म्हणून “हा सेल चांगला आहे, घड्याळात चालत होता” हे मामाचं म्हणणं खरंही आहे आणि निरुपयोगीही.

मुलीने एकच सेल बदलून भागवू नये, चारही एकदम, एकाच प्रकारचे बदलावेत. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यांतून सारखाच करंट जातो. त्यातला एक रिकामा झाला तरी बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहतात, तो उलटा चार्ज होऊ लागतो आणि गळतो. डब्याच्या स्प्रिंगवर पांढरी पूड दिसते ती याच गळतीची. सेल बदलताना मुलीने स्प्रिंग आणि पट्ट्या खोडरबराने घासल्या तर दुरुस्ती करणारा वाचक मान डोलावेल. मळलेली स्प्रिंग हुबेहूब कमजोर सेलसारखीच वागते.

इथे तिला यश येऊ द्या. एक सेट मामाकडे, एक तिच्याकडे, तो स्वयंपाकघरात, ती बाहेरच्या खोलीत. आवाज स्वच्छ, वाक्य तुटत नाही. मामा सेट पिशवीत भरायला निघतो. हे यश खोटं आहे, आणि तुमच्या गोष्टीचा खरा मध्य इथे आहे.

घरातली चाचणी अँटेनाबद्दल काहीच सांगत नाही. दोन सेट काही पावलांवर असतील तर अँटेना जवळपास निकामी असली तरी ते एकमेकांना ऐकतात, कारण तेवढ्या अंतराला नगण्य शक्तीही पुरते. हिशेब असा: बाहेर पडणारी शक्ती शंभर पटीने कमी झाली तर मोकळ्या जागेत अंतर साधारण दहा पटीने कमी होतं. दोन किलोमीटर जाणारा सेट दोनशे मीटरवर अडतो, आणि घर दोनशे मीटरचं नसतं. म्हणून मी कुणाचाही सेट दुरुस्त केला की त्याला टेबलासमोर उभं राहून ‘हॅलो हॅलो’ करू देत नाही, रस्त्याच्या टोकापर्यंत पाठवते.

मुलीला हे माहीत असायची गरज नाही. तिला नुसतं चालत जावंसं वाटलं तरी पुरे. मी लिहिलं असतं तर हा भाग साधारण असा झाला असता:

“सई, पुरे आता. चालतोय ना?”

“मामा, तू इथेच थांब. मी मैदानाच्या त्या टोकाला जाते.”

फाटकापर्यंत मामाचा आवाज जसाच्या तसा होता. मैदान अर्धं ओलांडलं तशी त्याच्या शब्दांमागे बारीक खरखर सुरू झाली. झाडांच्या रांगेपाशी खरखर जास्त आणि मामा कमी झाला. तिने बटण दाबून विचारलं, “माझं ऐकू येतंय का?” उत्तर आलं, पण त्यातला ‘खरखर’ एवढाच शब्द कळला. तिने हातातला सेट डोक्याच्या वर धरला, तेव्हा अँटेना बोटाला लागून थोडी कलली आणि मामा क्षणभर एकदम स्पष्ट झाला. “—तूच परत ये, मी—” आणि पुन्हा खरखर.

या चार ओळींत दोष ओळखायची सगळी सामग्री आहे. पहिली खूण: यावेळी ऐकणंही बिघडलंय, बोलणंही. कमजोर सेल मुख्यतः बोलणं बिघडवतो. अँटेनातून आवाज येतोही आणि जातोही, म्हणून तिचा दोष दोन्ही बाजूंनी दिसतो. दुसरी खूण आवाजाची. सेलचा दोष आवाज कापतो, शब्द मध्येच नाहीसा होतो. अँटेनाचा दोष आवाजात खरखर मिसळतो आणि अंतराबरोबर ती वाढत जाते. तिसरी, अँटेना हलली तसा आवाज बदलला. हाताने कललेली अँटेना आणि लगेच सुधारलेला आवाज, एवढं दिसलं की मी पेचकस हातात घेते.

आता ती परत येते आणि अँटेना घट्ट करायला जाते. इथे गोष्ट पुन्हा एकदा अडवता येईल. अँटेना थोडी फिरते, पुन्हा सैल पडते, घट्ट होतच नाही. मामा म्हणतो, “ती अशीच आहे, मी रोज पिळतो.” पण मुळात ढिलं काय आहे? अँटेना, की जिच्यात ती बसते ते सॉकेट? हे ठरवायला मीटर लागत नाही, जोडीदार सेट लागतो. दोन्ही सेट बंद करायचे, अँटेनांची अदलाबदल करायची, पुन्हा मैदानाच्या टोकाला जायचं आणि दोघांनी आळीपाळीने आपापली अँटेना हलवून बघायची. जिची अँटेना हलवली की आवाज बदलतो, दोष त्या सेटकडे. दोष अँटेनाबरोबर दुसऱ्या सेटला गेला तर अँटेना खराब. दोष त्याच सेटमध्ये राहिला तर सॉकेट. आमच्या धंद्यात अदलाबदल हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचं उपकरण आहे. मुलगी हे स्वतःच्या डोक्याने करते असं दाखवलंत तर तिची हुशारी वेगळी सांगावी लागणार नाही.

मीटरने अँटेना तपासायचा मोह मात्र टाळा. सेटच्या रबरी अँटेनात आत तारेचं वेटोळं असतं, आणि काहींच्या बुडाशी जुळवणीसाठी एक छोटी कॉइल असते. मीटर लावला तर चांगली अँटेनाही मधली पिन आणि बाहेरची कडी ‘शॉर्ट’ असल्याचं दाखवू शकते, आणि वाईट अँटेना निर्दोष दिसू शकते. मीटरचा करंट एकदिश असतो, रेडिओच्या वारंवारतेला ते वेटोळं वेगळंच दिसतं.

अदलाबदलीत दोष सेटमध्येच राहिला असं करा. ते जास्त रंजक आहे आणि मुलीच्या आवाक्यातही राहतं. ती अँटेना काढून सॉकेट जवळून बघते. सॉकेटभोवती एक पातळ नट असतो, जो त्याला सेटच्या कवचाला आवळून धरतो. तो सैल झालाय. त्यामुळे मामा अँटेना पिळायचा तेव्हा अँटेनाबरोबर सॉकेटही थोडं फिरायचं, आणि म्हणून ती कधीच घट्ट व्हायची नाही. बिघाड का झाला तेही इथेच कळतं. अशा सेटमध्ये अँटेना ही अर्धीच असते. उरलेला अर्धा भाग म्हणजे सेटच्या आतला धातूचा सांगाडा आणि तो धरणारा हात. सॉकेटची बाहेरची कडी त्या सांगाड्याला टेकते ती या नटाच्या जोरावर. नट सैल झाला की तो दुसरा अर्धा भाग कधी जोडलेला, कधी सुटलेला.

नट आवळताना सॉकेट फिरू द्यायचं नाही, कारण त्याच्या मागे मधल्या पिनचा टाका असतो आणि पीळ बसून तोच तुटतो. एका हाताने सॉकेट स्थिर धरायचं, दुसऱ्या हाताने पातळ पान्याने किंवा मजबूत चिमट्याने नट फिरवायचा. मग अँटेना हाताच्या बोटांनी घट्ट करायची, पकडीने नाही. पकडीने आवळली की आट्या जातात आणि पिन आत दबते.

एक सवय मुलीला लावून द्या: अँटेना काढलेली असताना बोलायचं बटण दाबायचं नाही. बाहेर जायला वाट नसलेली शक्ती परत फिरते आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन बसते. अर्ध्या वॉटचा सेट एखाद्या वेळी ते सहन करतो, पण जास्त वॉटच्या सेटचं यामुळे नुकसान होऊ शकतं. गोष्टीत हे उपदेशासारखं सांगू नका. अँटेना काढण्याआधी तिने बटण फिरवून सेट बंद केला, एवढी कृती दिसली की काम झालं.

मधल्या पिनचा टाकाच तुटला असता तर? मग सेट उघडावा लागतो आणि सोल्डरिंग येणाऱ्या माणसाचं काम पडतं. तिला ते येत असेल तर जरूर करू द्या, पण आदल्या रात्री पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात घेतलेली मुलगी रेडिओच्या बोर्डावर नीट टाका घालते, हे मी वाचलं तर पुस्तक मिटेन. नटापर्यंतची दुरुस्ती प्रामाणिक आहे.

क्रमाबद्दल थोडं. तिने आधी सेल बघितले आणि मग अँटेना, हा क्रम उलटा करू नका. व्होल्टेज कोसळत असेल तर बाकीचा कुठलाच निष्कर्ष धरता येत नाही. लांबवर आवाज तुटला तो सेलमुळे की अँटेनामुळे, हे सांगता येणार नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिने सेलही बदलले आणि नटही आवळला आणि मग चाचणी घेतली, तर सेट सुधारेल पण नक्की काय बिघडलं होतं ते तिलाही कळणार नाही आणि तुमच्या वाचकालाही.

गोष्ट ट्रेकपर्यंत न्यायची असेल तर तिथे उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी. थंडीत अल्कलाइन सेल सुस्तावतात, आतला रोध वाढतो, आणि रात्री चांगला असलेला सेट पहाटे पुन्हा वाक्य तोडू लागतो. जादा सेल पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता अंगालगत खिशात ठेवले तर ते ऊबदार राहतात आणि लगेच कामाला येतात. दुसरं असं की दुरुस्त केलेला सेटही डोंगराच्या आरपार बोलत नाही. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगराची सोंड आली की नव्या सेलांचा आणि घट्ट अँटेनाचा काही उपयोग नसतो. मामा वळणाआड गेला आणि सेट गप्प झाला, तर सईने नट पुन्हा तपासायला बसू नये. चार पावलं वर चढून, समोरची सोंड खाली जाईल अशा जागी उभं राहून हाक मारावी. तिथून आवाज स्वच्छ आला तर सेटमध्ये काही बिघडलेलं नाही.